कोणत्या शिफ्टने जास्त वीज खाल्ली? मीटर रीडिंगवरून जादा वापर पकडण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची सगळी उत्तरं एकाच प्रकारचा कारखाना डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत: एमआयडीसीतलं प्लास्टिक इंजेक्शन मोल्डिंगचं युनिट, 12 मशिन, 315 केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, एक चिलर, 37 किलोवॅटचे दोन स्क्रू कॉम्प्रेसर (एक चालू, एक स्टँडबाय) आणि सकाळी 7, दुपारी 3, रात्री 11 अशा तीन शिफ्ट. आकडे हिशोब समजावा म्हणून घेतले आहेत. तुमच्याकडे ते वेगळे येतील, पण पद्धत तीच राहील.

महिन्याचं बिल येतंच, मग शिफ्टनिहाय रीडिंग कशाला?

बिलात महिन्याच्या 90 शिफ्ट एकत्र मिसळलेल्या असतात. एका रात्री 170 युनिट फुकट गेले तर महिन्याच्या लाख-सव्वालाख युनिटमध्ये ते दिसतही नाहीत. बिल हातात येतं तेव्हा त्या रात्री कोणता व्हॉल्व्ह उघडा राहिला होता, हे सांगणारं कुणी उरलेलं नसतं. शिफ्ट संपल्यावर तासाभरात विचारलं तर उत्तर मिळतं. दोन दिवसांनी विचारलं तर “सगळं नॉर्मल होतं” एवढंच ऐकू येतं.

रीडिंग कोणत्या मीटरवरून घ्यायचं आणि कोणत्या पानावरचं?

वीज कंपनीचा मीटर सीलबंद क्युबिकलमध्ये असतो. रोज तीनदा तिथं जाऊन वाचणं गैरसोयीचं, शिवाय तो एचटी, म्हणजे उच्च दाबाच्या, बाजूला असल्यामुळे ट्रान्सफॉर्मरचा लॉसही त्यात धरलेला असतो. शिफ्टच्या हिशोबासाठी एलटी, म्हणजे कमी दाबाच्या, मेन पॅनलच्या इनकमरवरचा स्वतःचा एनर्जी मीटर घ्या. महिन्यातून एकदा त्याची बेरीज बिलाशी ताडून पाहिली की पुरे. दोन्हींत दोन-तीन टक्क्यांचा फरक राहणारच. पाहायचं ते हे की तो फरक दर महिन्याला साधारण तेवढाच राहतो की नाही.

मीटरची बटणं दाबत गेलं की बरीच पानं येतात. आपल्याला `kWh` लिहिलेलं साठत जाणारं रीडिंग हवं. महावितरणच्या एचटी ग्राहकांचं बिल `kVAh` वर निघतं, म्हणून काही जण रजिस्टरमध्येही तेच लिहितात. त्यात पॉवर फॅक्टरचा घोटाळा मिसळतो. कपॅसिटर बँकेतला एक टप्पा बंद पडला तर `kVAh` वाढतो, मशिनचा खरा वापर मात्र तेवढाच असतो, आणि माणसं कॉम्प्रेसर तपासत बसतात. `kVAh` वेगळ्या रकान्यात जरूर लिहा, पण शिफ्टवर जादा वापराचा झेंडा लावताना `kWh` पाहा.

एमएफ म्हणजे काय, आणि त्यात चूक कुठे होते?

मेन पॅनलच्या मीटरमधून पूर्ण करंट जात नाही, सीटीने, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मरने, कमी केलेला जातो. सीटी 600/5 असेल तर मल्टिप्लाइंग फॅक्टर, म्हणजे एमएफ, 120 येतो. सकाळी 7 ला रीडिंग 4821.36 आणि दुपारी 3 ला 4833.61 असेल तर फरक 12.25, आणि वापर 12.25 × 120 = 1470 युनिट.

दोन गोष्टी आधी तपासा. बऱ्याच डिजिटल मीटरमध्ये सीटी रेशो आतच भरलेला असतो आणि पडद्यावर दिसतं ते थेट खरं युनिट असतं. अशा मीटरला पुन्हा 120 ने गुणलं तर आकडा अवाच्या सवा येतो, तो लगेच लक्षात येतो. उलट चूक जास्त त्रासदायक असते: सीटी बदलून 800/5 झाला आणि शीटमध्ये एमएफ 120 च राहिला. मग वापर खऱ्याच्या तीन चतुर्थांश दिसतो आणि सगळे खूश असतात.

दुसरी गोष्ट दशांशाची. वरच्या उदाहरणात कुणी दशांश सोडून 4821 आणि 4833 लिहिलं तर फरक 12 येतो, म्हणजे 1440 युनिट. तीस युनिट हवेत गेले. नशीब वाईट असेल तर ही चूक शंभराच्या पुढे जाते, कारण शेवटचा पूर्ण आकडा एकने बदलला की हिशोबात 120 युनिटचा फरक पडतो. दोन्ही दशांश लिहिणं सक्तीचं करा.

रीडिंग घ्यायला दहा-पंधरा मिनिटं उशीर झाला तर काय बिघडतं?

बरंच. या कारखान्याचा सरासरी लोड 183 किलोवॅट आहे. दुपारी 3 चं रीडिंग 3:12 ला घेतलं तर त्या 12 मिनिटांत साधारण 37 युनिट गेलेले असतात. ते दुसऱ्या शिफ्टचे असूनही पहिल्या शिफ्टच्या नावावर चढतात. पहिली शिफ्ट 37 ने जास्त दिसते, दुसरी 37 ने कमी, आणि दोघींतला फरक 74 होतो. उशीर 25 मिनिटांचा असेल तर एका बाजूलाच 76 युनिट सरकतात, आणि निष्पाप शिफ्टवर झेंडा लागू शकतो.

ओळखायची खूण सोपी आहे. एक शिफ्ट जेवढी वर, लगतची शिफ्ट जवळपास तेवढीच खाली असेल तर आधी घड्याळावर संशय घ्या. दोघींच्या फरकांची बेरीज शून्याच्या आसपास आली की वीज वाया गेलेली नसते, फक्त हद्द सरकलेली असते.

उपाय म्हणून रजिस्टरमध्ये “वेळ” असा रकाना ठेवा आणि प्रत्यक्ष वाचल्याची वेळ लिहायला सांगा. सगळ्या ओळींत नेमकं 7:00, 3:00, 11:00 दिसू लागलं की ते वाचून लिहिलेलं नाही, सवयीनं लिहिलेलं आहे असं समजा. तसंच फरक सलग तीन दिवस अगदी सारखा आला, तर कुणीतरी खुर्चीत बसून आकडे भरलेत. मीटरचा पडदा आणि वेळ दिसेल असा मोबाइल फोटो हा यावरचा सगळ्यात स्वस्त इलाज.

किलोमागे किती युनिट गेले, एवढं पाहिलं तर चालणार नाही का?

हाच आकडा बहुतेक फळ्यांवर लिहिलेला असतो आणि हाच सगळ्यात जास्त फसवतो. कारण कारखान्यातल्या विजेचे दोन भाग असतात. चिलर, कूलिंग टॉवरचा पंप, कॉम्प्रेसर, दिवे, पंखे, हीटर गरम राखणं, हे सगळं माल कमी निघाला तरी चालूच असतं. दुसरा भाग मालाबरोबर वाढतो. आपल्या उदाहरणात पहिला भाग शिफ्टला 420 युनिट आणि दुसरा किलोमागे 0.95 युनिट आहे.

आता 1,100 किलो माल काढणारी शिफ्ट घ्या. 420 + 0.95 × 1100 = 1465 युनिट, म्हणजे किलोमागे 1.33. रात्री बरीच मशिन साच्याअभावी बंद राहिली आणि 400 किलोच माल निघाला, तर 420 + 0.95 × 400 = 800 युनिट, म्हणजे किलोमागे 2.0. दीडपट! पण रात्रीच्या शिफ्टने एकही युनिट वाया घालवलेलं नाही. याच्या उलट, 1,100 किलोच्या शिफ्टमध्ये 110 युनिट गळून गेले तरी आकडा 1.43 येतो आणि तो “छान” वाटतो. म्हणून झेंडा गुणोत्तरावर लावू नका. तेवढ्या मालाला अपेक्षित युनिट किती आणि प्रत्यक्ष किती, या फरकावर लावा.

माल मोजताना नग नको, किलो घ्या. आणि किलोत रनर, रिजेक्शन, पर्जिंग सगळं धरा. वितळवायला वीज लागलेलीच असते, माल पास झाला की नाही हे मीटरला कळत नाही.

420 आणि 0.95 हे आकडे काढायचे कसे?

साधारण एका महिन्याच्या, म्हणजे 80 ते 90 शिफ्टच्या नोंदी `Base` नावाच्या एका शीटवर घ्या. हीच बेसलाइन. ज्या शिफ्टमध्ये ब्रेकडाउन झालं, वीज दोन तास गेली किंवा रीडिंग चुकल्याचं माहीत आहे, त्या ओळी आधी काढून टाका. मालाचं प्रमाण कमी-जास्त झालेलं असलं पाहिजे. सगळ्या शिफ्ट 1,050 ते 1,100 किलोच्याच असतील तर सरळ रेषेला आधारच मिळत नाही आणि 420 च्या जागी काहीही येऊ शकतं.

शीटमध्ये `C` रकान्यात किलो आणि `G` मध्ये युनिट असतील तर हे चार सूत्र पुरतात:

```
N1: =INTERCEPT(Base!G2:G91,Base!C2:C91)
N2: =SLOPE(Base!G2:G91,Base!C2:C91)
N3: =STEYX(Base!G2:G91,Base!C2:C91)
H2: =$N$1+$N$2*C2
```

`N1` म्हणजे 420, `N2` म्हणजे 0.95, आणि `H2` त्या शिफ्टचा अपेक्षित वापर. `N3` हा आकडा लोक सोडून देतात, खरं तर झेंड्याची मर्यादा त्याच्यावरच ठरते. सगळं ठीकठाक चालू असतानाही प्रत्यक्ष वापर रेषेच्या आजूबाजूला किती हलतो, हे तो सांगतो. आपल्या उदाहरणात तो 45 युनिट आहे.

एक सावधगिरी. 420 म्हणजे कारखाना बंद असतानाचा वापर नव्हे. रविवारी सगळं बंद असताना मीटर शिफ्टला 100-110 युनिटच दाखवेल, कारण तेव्हा चिलर आणि कॉम्प्रेसरही बंद असतात. हे समीकरण चालू शिफ्टसाठीच आहे. बंद शिफ्टसाठी वेगळी मर्यादा ठेवा, आणि तिच्याकडे मुद्दाम लक्ष द्या. बंद कारखान्यात एरवी 110 आणि एका रविवारी 190 दिसले, तर माल, साचा, ऑपरेटर यांपैकी कुणाकडेही बोट दाखवायला जागा उरत नाही. काहीतरी चालू राहिलं आहे, एवढंच उत्तर असतं.

मर्यादा किती ठेवावी?

अपेक्षेपेक्षा `N3` च्या दुपटीहून जास्त, म्हणजे 90 युनिटच्या वर, तर पिवळा झेंडा. तिपटीहून जास्त, म्हणजे 135 च्या वर, तर लाल.

```
=IF(G2-H2>3*$N$3,"लाल",IF(G2-H2>2*$N$3,"पिवळा",""))
```

दुपटीच्या मर्यादेवर काहीही बिघडलेलं नसताना महिन्याच्या 90 शिफ्टमध्ये सरासरी दोन पिवळे झेंडे निव्वळ योगायोगाने लागतात. तिपटीवर वर्षातून एखाद-दुसरा. म्हणून पिवळ्याला फक्त एक नजर टाकायची आणि लाल झेंड्याला माणूस पाठवायचा. “सरासरीपेक्षा पाच टक्के जास्त” असला सोयीचा नियम ठेवला की 1465 च्या शिफ्टला 73 युनिटवरच झेंडा लागतो, दर आठवड्याला एक-दोन लाल खुणा पडतात आणि महिनाभरात सुपरवायझर शीट उघडणं सोडून देतो. ओरड कमी हवी, पण ती खरी हवी.

खालच्या बाजूचाही झेंडा लावा. 150 युनिट कमी आले तर ती बचत क्वचितच असते. बहुतेक वेळा रीडिंग चुकलेलं असतं, मालाचा आकडा फुगवलेला असतो किंवा सीटीची वायर सुटलेली असते.

लाल झेंडा लागला. आता पाहायचं काय?

एक उदाहरण पूर्ण करू. जुलै महिना, रात्रपाळी. माल 620 किलो. अपेक्षित 420 + 0.95 × 620 = 1009 युनिट. प्रत्यक्ष 1182. फरक 173, म्हणजे लाल.

आधी हिशोब तपासायचा. रीडिंगच्या वेळा 11:02 आणि 7:01, ठीक. आधीची आणि नंतरची शिफ्ट रेषेच्या जवळ, म्हणजे हद्द सरकलेली नाही. मालाचा आकडा मशिनच्या शॉट काउंटरशी जुळतो. तेव्हा 173 युनिट खरंच गेले आहेत.

मग मीटरमधला अर्ध्या तासाचा लोड पाहायचा. मीटरमध्ये लोड सर्व्हेची सोय असेल तर तो काढता येतो. 1:30 पर्यंत लोड नेहमीसारखा. 1:30 नंतर तो साधारण 31 किलोवॅटने वर गेला आणि सकाळपर्यंत तसाच राहिला. 31 × 5.5 तास = 170. हिशोब जुळला, आणि शोध निम्म्याहून सोपा झाला. मोल्डिंग मशिनचा लोड सायकलबरोबर वर-खाली नाचतो, तो असा सपाट नसतो. हीटर असता तर गरम झाल्यावर कमी झाला असता. मध्यरात्री सुरू होऊन सपाट चालणारं, तीसेक किलोवॅटचं यंत्र या कारखान्यात एकच आहे: स्टँडबाय कॉम्प्रेसर. त्याच्या पॅनलवर `RUN HRS` पाहिले तर आदल्या दिवशीपेक्षा साडेपाच तासांनी पुढे गेलेले.

दुसरा कॉम्प्रेसर आपोआप सुरू झाला तो दाब पडल्यामुळे. दाब का पडला? पावसाळ्यात हवेतली वाफ जास्त, रिसीव्हरच्या तळाशी पाणी जास्त साठतं. दीड वाजता ऑपरेटरने ड्रेनचा बॉल व्हॉल्व्ह उघडला, पाणी काढलं, आणि हँडल पूर्ण आडवं न करता तिरकं सोडलं. रिसीव्हर शेडच्या मागे, वर पत्र्यावर पाऊस, हवेचा आवाज कुणाला ऐकू येणार? सकाळच्या माणसाने तो बंद केला आणि नोंद न करता पुढे गेला. आठच्या आत विचारलं म्हणून तो भेटला.

युनिटला सरासरी ₹10 धरले तर ₹1,730 गेले. एका रात्रीचे ते फार वाटत नाहीत. पण दोन कॉम्प्रेसर चालू ठेवायची गरज पडते हे तीन महिने कुणाला कळलंच नाही, तर तोच आकडा लाखाच्या वर जातो.

लोडचा आलेख काढता येत नसेल तर?

मग कॉम्प्रेसर, चिलर आणि ड्रायरची मिळून एक लाइन अशा तीन ठिकाणी सब-मीटर बसवा. जादा वापराची कारणं बहुतेक इथंच सापडतात, आणि सगळ्या मशिनला मीटर लावायची गरज पडत नाही. तेही शक्य नसेल तर शिफ्टच्या सुरुवातीला कॉम्प्रेसर आणि चिलरचे `RUN HRS` आणि `LOAD HRS` रजिस्टरमध्ये लिहा. फुकटातला सब-मीटरच तो. स्क्रू कॉम्प्रेसर अनलोड असतानाही पूर्ण लोडच्या साधारण पाव ते एक तृतीयांश वीज घेतो, त्यामुळे चालू तास जास्त आणि लोड तास कमी असा फरक दिसला की तिथं पैसे जळत आहेत असं समजा.

झेंडा लागतो, पण बिघाड सापडत नाही. असं का होतं?

मोल्डिंगमध्ये याचं नेहमीचं कारण म्हणजे मटेरियल. नायलॉन, एबीएस, पॉलिकार्बोनेट ओलावा धरतात, त्यांना तासन्‌तास ड्रायर लागतो. पीपीला सहसा लागत नाही. किलो तेवढेच, वीज वेगळी. नायलॉनच्या शिफ्ट सतत रेषेच्या वर आणि पीपीच्या खाली दिसत असतील तर एकच समीकरण दोन वेगळ्या कामांवर लादलेलं आहे. दोन बेसलाइन करा, किंवा त्या शिफ्टमध्ये किती ड्रायर किती तास चालले याचा रकाना जोडा.

दुसरं कारण सोमवारची पहिली शिफ्ट. रविवारच्या सुट्टीनंतर बारा बॅरल थंडगार असतात, ते तापवायलाच 80 ते 120 युनिट जातात आणि तेवढ्या वेळात माल शून्य. तिला “स्टार्टअप” असं वेगळं नाव द्या आणि तिची तुलना आधीच्या सोमवारांशी करा. मात्र सगळी मशिन एकदम पहाटे पाचला तापवायची सवय असेल आणि साचे नऊला लागत असतील, तर ती वाढ “नेहमीची” असली तरी योग्य नव्हे.

तिसरं, ऋतू. मे महिन्यात चिलर जानेवारीपेक्षा जास्त चालणारच. वर्षाच्या दोन-तीन वेगळ्या बेसलाइन ठेवल्या की हा प्रश्न बराचसा मिटतो.

छतावर सोलर आहे. हिशोब कसा बदलतो?

सोलर नेमकं कुठे जोडलंय ते आधी पाहा. ते इनकमर मीटरच्या पुढे, म्हणजे कारखान्याच्या बाजूला जोडलं असेल तर मेन मीटर फक्त ग्रिडमधून घेतलेली वीज दाखवतो. 100 किलोवॅटचं सोलर चांगल्या उन्हात पहिल्या शिफ्टला 300 च्या आसपास युनिट देतं. ढगाळ दिवशी तेच 100 वर येतं. मेन मीटरवर 200 युनिट जास्त दिसतात आणि लाल झेंडा लागतो. चूक फक्त ढगांची.

खरा वापर = ग्रिडमधून घेतलेले युनिट + सोलरचे युनिट − ग्रिडला परत दिलेले युनिट. तिन्ही रीडिंग एकाच वेळी घ्यायची. डीजी चालला असेल तर त्याच्या मीटरचे युनिटही यात मिळवायचे.

रोज थोडं थोडं वाढत असेल तर ते झेंड्यात दिसेल का?

नाही. हवेच्या लाइनला बारीक गळत्या वाढत गेल्या आणि दर शिफ्टला 12 युनिट जास्त जाऊ लागले, तर 90 च्या मर्यादेपर्यंत ते कधीच पोचत नाहीत. महिन्याला मात्र 12 × 90 = 1080 युनिट जातात.

यासाठी आणखी एक रकाना लागतो. दर शिफ्टचा फरक (प्रत्यक्ष वजा अपेक्षित) मागच्या बेरजेत मिळवत जायचा. `I` रकान्यात फरक आणि `J` मध्ये बेरीज असेल तर:

```
J2: =I2
J3: =J2+I3
```

याचा आलेख काढा. सगळं ठीक असेल तर रेषा शून्याच्या आसपास हेलकावे खात राहते. ती एका दिशेने चढू लागली की कुठेतरी कायमचा फरक पडलाय. रेषा जिथून वळली ती तारीख शोधा आणि त्या आठवड्यातलं मेंटेनन्सचं रजिस्टर उघडा. बहुतेक वेळा तिथंच काहीतरी सापडतं: कॉम्प्रेसरचा दाब 6.5 वरून 7.5 बार केला (एक बारला साधारण सहा-सात टक्के जास्त वीज), किंवा कूलिंग टॉवरच्या पाण्याची प्रक्रिया थांबल्यामुळे चिलरच्या कंडेन्सरमध्ये क्षार साठले.

गळतीचा संशय असेल तर रविवारी हवा वापरणारी सगळी यंत्रं बंद ठेवून एकच कॉम्प्रेसर चालवा. तो किती सेकंद लोड राहतो आणि किती सेकंद अनलोड, हे चार-पाच वेळा मोजा. लोड 90 सेकंद आणि अनलोड 150 सेकंद आलं तर 90 ÷ 240, म्हणजे कॉम्प्रेसरची साडेसदतीस टक्के हवा नुसती गळते आहे.

मीटरच चुकत असेल तर कसं कळणार?

मीटरच्या पडद्यावर तिन्ही फेजचे करंट पाहा. 250, 245 आणि 0 असं दिसलं तर एका सीटीची जोडणी सुटलेली आहे. समतोल लोडवर मीटर मग खऱ्याच्या दोन तृतीयांशच वापर मोजतो. एखादा सीटी उलटा जोडला गेला तर मोजमाप एक तृतीयांशावर येतं.

यातला गमतीचा आणि डोकेदुखीचा भाग पुढे आहे. बेसलाइनचा महिना सीटी सुटलेला असतानाच घेतला गेला आणि नंतर कुणी तो नीट जोडला, तर त्या क्षणापासून प्रत्येक शिफ्ट 50 टक्के जास्त दिसू लागते. सगळ्या शिफ्टवर एकदम लाल झेंडे लागले तर मशिनकडे धावू नका, पॅनलमध्ये काम झालं होतं का ते विचारा.

सीटीच्या वायरला हात लावायचं काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचंच. लोड चालू असताना सीटीची दुय्यम बाजू उघडी पडली तर तिथं जीवघेणा व्होल्टेज तयार होतो. आधी शॉर्टिंग लिंक लावायची, मगच वायर सोडायची.

रजिस्टरऐवजी मीटर थेट कॉम्प्युटरला जोडताना काय सांभाळायचं?

आरएस-485 पोर्ट असलेले मीटर एका केबलवर एकापाठोपाठ एक जोडता येतात. मधूनच फाटे काढू नयेत, आणि लाइनच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचा रेझिस्टर लावावा. दोन मीटरचा पत्ता सारखाच राहिला तर दोघेही एकदम उत्तर देतात आणि आकडे बिघडतात किंवा येतच नाहीत. पहिल्या दिवशी प्रत्येक मीटरचा पडद्यावरचा आकडा आणि कॉम्प्युटरवरचा आकडा शेजारी ठेवून पाहा. आकडा हास्यास्पद मोठा किंवा शून्याजवळचा आला तर बहुधा बाइटचा क्रम उलटा वाचला जातोय.

दर 15 मिनिटांनी साठलेलं `kWh` वाचा. किलोवॅट वाचून त्यावरून युनिट काढू नका. केबल तासभर तुटली तर साठलेल्या रीडिंगमधून एकूण वापर सुटत नाही, फक्त मधला आकार हरवतो. किलोवॅटवरून काढलेले तासाचे युनिट कायमचे जातात.

आणि घड्याळ. क्लाउडवर डेटा पाठवणारी बरीच उपकरणं वेळ यूटीसीमध्ये साठवतात. भारतीय वेळेशी साडेपाच तासांचा फरक राहिला की पहिल्या शिफ्टचे युनिट भलत्याच शिफ्टच्या खात्यात जमा होतात आणि रात्रपाळी कायम दोषी ठरते. एखाद्या दिवशी मुद्दाम 3 वाजता चिलर पाच मिनिटं बंद करा आणि आलेखातला खड्डा किती वाजता दिसतो ते पाहा.

मीटर बदलला तर जुन्याचं शेवटचं आणि नव्याचं पहिलं रीडिंग दोन्ही लिहून ठेवा. नाहीतर फरक उणे येतो. तो `ABS` लावून धन करणारी शीटं आहेत, त्यातून काही लाख युनिटची शिफ्ट तयार होते.

बेसलाइन किती दिवसांनी बदलायची?

तारखेनुसार आपोआप बदलू नका. “मागच्या 30 दिवसांची सरासरी” ही बेसलाइन म्हणून सोपी वाटते, पण गळती सुरू झाली की ती गळतीसुद्धा महिन्याभरात सरासरीत शिरते आणि झेंडे थांबतात. बेसलाइन गोठवून ठेवा. नवीन मशिन आलं, हायड्रॉलिक मशिनला सर्व्हो बसवला, चिलर बदलला, मटेरियल कायमचं बदललं, किंवा ऋतू पालटला, तरच नव्याने 80-90 शिफ्ट घ्या. जुनी बेसलाइन पुसू नका. नव्या शीटच्या पहिल्या ओळीत तारीख, कारण आणि जुने तीन आकडे लिहून ठेवा: 420, 0.95, 45. सर्व्हो बसवल्यावर 0.95 चे 0.70 झाले की नाही, हे पुरवठादाराच्या पत्रकाऐवजी तिथंच तपासता येतं.